कडेला टेकलेला फेटा आणि वरचे दोन इंच

आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा फोटो आहे, मोबाइलवर काढलेला, उभा. काढणाऱ्याने इतका जवळून घेतलाय की बाबांच्या फेट्याच्या तुऱ्याचं टोक वरच्या कडेला कापलं गेलंय आणि आईचा उजवा हात दंडापासून बाहेर राहिलाय. 12 × 18 इंचाच्या फ्रेममध्ये लावायचा आहे. फोटोशॉपमध्ये क्रॉपची चौकट ओढून वर आणि बाजूला वाढवून पाहिला. त्यांच्या मागचा वाढलेला पडदा धूसर दिसतो आणि आईला कुणाचा तरी भलताच हात येतो. काय चुकतंय?

———

दोन वेगळ्या गोष्टी चुकताहेत. धूसरपणा येतोय तो तुम्ही एका दमात खूप मोठा भाग भरायला सांगितल्यामुळे, आणि तो पूर्ण घालवता येतो. हाताचा प्रश्न मात्र सेटिंग बदलून सुटणारा नाही. तिथे मी तुम्हाला बाजू वाढवूच नका असं सांगणार आहे. का ते पुढे येईलच. आधी फाइल पाहू.

फाइल मूळ मोबाइलमधलीच आहे ना, ही खात्री करा. फोटोशॉपमध्ये `Image > Image Size` उघडून आकडे बघा. साधारण 3000 × 4000 पिक्सेल दिसले तर ठीक. 1200 × 1600 दिसले तर तो व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेला आहे, म्हणजे त्यातला बराचसा तपशील आधीच गेलेला आहे. ज्यांनी फोटो काढला त्यांच्याकडून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. आणि मागवतानाच विचारा की हा त्यांनी गॅलरीत कापलेला तर नाही ना. पुष्कळ फोनमध्ये कापलेला फोटो मूळ रूपात परत आणता येतो, आणि तुऱ्याचं टोक तिथे शाबूत सापडलं तर अर्धं काम तिथेच संपलं. त्याच वेळी आगेमागे काढलेले दोन-चार फोटोही घेऊन ठेवा. ते लागणार आहेत.

आता मापाचा हिशेब. मोबाइलचा फोटो 3:4 प्रमाणात असतो आणि तुमची फ्रेम 2:3 प्रमाणात. रुंदी 3000 तशीच ठेवली तर 2:3 साठी उंची 4500 लागते. म्हणजे तुम्हाला फक्त 500 पिक्सेल हवे आहेत, आणि ते सगळेच्या सगळे वर घेता येतात, जिथे तुऱ्याला जागा नाही नेमकं तिथेच. 12 इंचांत 3000 पिक्सेल म्हणजे इंचाला 250. भिंतीवरच्या फ्रेमला ते भरपूर आहेत. वरचे 500 पिक्सेल छापल्यावर दोन इंच होतात. त्यातला पाव इंच फ्रेमच्या पट्टीखाली जाईल, उरलेले पावणेदोन इंच बाबांच्या डोक्यावर मोकळे राहतील. फ्रेम आधीच ठरलेली आहे तर तिच्या प्रमाणाने जेवढं मागितलं तेवढंच वाढवायचं, त्याहून एक पिक्सेलही जास्त नाही. बाजूला 200-200 पिक्सेल वाढवायला गेलात तर 2:3 राखण्यासाठी वर 500 ऐवजी 1100 लागतील, म्हणजे बनावट भाग दुपटीहून जास्त होईल.

धूसरपणाचं कारण असं. रिकामी जागा स्वतः चित्र रचून भरणारं फोटोशॉपचं `Generative Fill` ज्या एआय मॉडेलवर सुरू झालं ते एका वेळी जास्तीत जास्त 1024 × 1024 पिक्सेलचं चित्र तयार करत असे. तुमचं सिलेक्शन त्याहून मोठं असेल तर तयार झालेलं छोटं चित्र ताणून तिथे बसवलं जातं. क्रॉपची चौकट ओढून `Generative Expand` केलंत तेव्हा 3000 पिक्सेल रुंदीची अख्खी पट्टी एकदम मागितली गेली, आणि जवळपास तिप्पट ताणलेला पडदा मिळाला. फोटोशॉपच्या आवृत्तीगणिक यात सुधारणा होत गेली आहे, पण सवय म्हणून सिलेक्शन दोन्ही दिशांनी हजारच्या आत ठेवा. मग आवृत्ती कुठलीही असो, जोडाच्या खालचा खरा पडदा आणि वरचा बनवलेला पडदा सारख्याच बारकाईचे राहतात. स्वतः तपासायचं तर फोटो 100 टक्के झूमवर ठेवा आणि नजर जोडावरून वर-खाली फिरवा. खाली कापडाचं पोत दिसतंय आणि वर नुसता रंग, असं झालं तर तो भाग ताणलेला आहे.

म्हणून कॅनव्हास वेगळा वाढवायचा आणि भरायचं वेगळं. लेयर पॅनेलमधल्या `Background` शेजारच्या कुलपावर क्लिक करून तो सुटा करा, म्हणजे वाढलेली जागा पांढरी न होता पारदर्शक राहील. `Image > Canvas Size` मध्ये एकक पिक्सेल करा, उंची 4500 टाका आणि `Anchor` च्या नऊ चौकोनांपैकी खालच्या ओळीतल्या मधल्या चौकोनावर क्लिक करा. जागा फक्त वरच्या बाजूला वाढेल. फाइल आरजीबीमध्येच असू द्या.

आता चौकोनी सिलेक्शनचं टूल घ्या. वरच्या पट्टीत `Style` ला `Fixed Size` करून रुंदी 900 आणि उंची 600 द्या. पाचशे रिकामी जागा आणि शंभर पिक्सेल खालच्या खऱ्या फोटोत शिरलेले. ही शंभरची घुसखोरी गरजेची आहे. सिलेक्शन बरोबर कडेवर थांबवलंत तर जोडाची रेघ दिसते, कारण दोन्हीकडच्या पिक्सेलना एकमेकांत मिसळायला जागाच मिळत नाही. असे चार तुकडे करायचे: डावीकडून 0 ते 900, मग 700 ते 1600, 1400 ते 2300 आणि 2100 ते 3000. शेजारच्या तुकड्यांत दोनशे-दोनशे पिक्सेलचा ओव्हरलॅप येतो आणि चारांत बरोबर 3000 भरतात. रूलर पिक्सेलमध्ये लावून त्या आकड्यांवर गाइड ओढून ठेवल्या की सिलेक्शन तिथे आपोआप चिकटतं.

क्रमाला महत्त्व आहे. जागा भरणारं टूल सिलेक्शनच्या आजूबाजूला जे दिसतं त्यावरून अंदाज बांधतं, आणि आधी भरलेले तुकडेही त्याला दिसतात. बाबांचं डोकं साधारण 1150 च्या आसपास आहे असं धरतो, म्हणजे तुरा दुसऱ्या तुकड्यात येतो. तर आधी पहिला, मग चौथा, मग तिसरा, आणि तुऱ्याचा दुसरा सगळ्यात शेवटी. तोपर्यंत त्याच्या दोन्ही बाजूंना पडदा तयार असतो, त्यामुळे तिथे नवीनच खांब किंवा दिवा उगवण्याची शक्यता बरीच कमी होते. उलट तुऱ्यापासून सुरुवात केली तर तिन्ही बाजूंनी रिकामी जागा असते आणि मॉडेल वाटेल ते कल्पून घेतं.

प्रत्येक तुकड्यावर `Generative Fill` दाबल्यावर लिहायची चौकट येते. ती रिकामी ठेवून `Generate` करा. लोक तिथे ‘पडदा वाढवा’ अशा सूचना लिहितात. ती चौकट सूचनेसाठी नाही, तिथे काय दिसायला हवं त्याच्या वर्णनासाठी आहे. रिकामी ठेवली की ते आजूबाजूचंच पुढे नेतं, आणि तुम्हाला तेवढंच हवं आहे. दोन-तीनदा करूनही फुलांची माळ नाहीतर बल्ब येत राहिला, तर मगच चौकटीत पडद्याचं वर्णन टाका, उदाहरणार्थ `plain cream pleated curtain`. दर वेळी तीन पर्याय मिळतात. त्यातला सर्वांत देखणा घेऊ नका, सर्वांत कंटाळवाणा घ्या. तुमच्या फोटोत वरच्या दोन इंचांकडे कुणाची नजर जायला नको आहे. पडद्याच्या उभ्या चुण्या मात्र एकेक करून बघा. खालून आलेली प्रत्येक चुणी जोड ओलांडून सरळ वर जायला हवी. अर्ध्यात विरली किंवा दुसरीकडे सरकली की तो पर्याय बाद.

आता तुरा. तुमच्या तुऱ्याचं थोडंसंच टोक गेलंय असं समजतो, छापल्यावर सेंटिमीटरभर. एवढं असेल तर टूलवर सोपवायला हरकत नाही, पण दुसऱ्या फोटोत तो पूर्ण आलेला असेल तर तिथलाच घ्या. त्याच प्रकाशातला खरा तुरा कापून, लेयर म्हणून आणून, आकार जुळवून बसवायला दहा मिनिटं लागतात आणि मग तिथे काहीही कल्पनेतलं उरत नाही. टूलवर सोपवलंत तर बहुतेक वेळा दोन चुका होतात. एक, तुरा पंख्यासारखा भलताच मोठा होतो. दुसरी, त्या शंभर पिक्सेलच्या ओव्हरलॅपमध्ये खरा फेटाही थोडा बदलून जातो, जरीची काठाची रेघ सरकते. दुसऱ्या चुकीवर उपाय सोपा आहे. भरलेला प्रत्येक तुकडा स्वतःच्या लेयरवर मास्कसकट येतो. त्या मास्कवर मऊ काळ्या ब्रशने फेट्याच्या भागावर फिरवा, म्हणजे खालचा खरा फेटा परत वर येईल. बनवलेलं कापड फक्त जिथे मूळ पिक्सेलच नाहीत तिथेच उरलं पाहिजे. पहिल्या चुकीसाठी टोकाभोवती 300 × 250 चं लहानसं सिलेक्शन करा आणि वर्णन द्या, जसं `tip of pleated saffron turban fabric`. सिलेक्शन लहान असलं की मॉडेलची सगळी ताकद तेवढ्याच जागेवर लागते, कापडाच्या घड्या नीट येतात आणि तुरा आवाक्यात राहतो.

आता आईच्या हाताबद्दल, कारण तिथे मी एकदा फार वाईट चूक केली आहे. अल्बमसाठी एक एकत्र कुटुंबाचा फोटो होता, कडेला एक आजी बसलेल्या, हात कोपरापासून कापलेला. पान भरायला मी ती बाजू वाढवली. हात छान आला, बोटंही पाचच होती, मी समाधानाने पुढे गेलो. अल्बम छापून घरी गेला आणि त्यांच्या सुनेचा फोन आला. त्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. शेजारी बसलेल्या बाईंच्या हातात होत्या, म्हणून टूलने आजींनाही घातल्या. आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि आजी तेव्हापासून बांगड्या घालत नव्हत्या. ते पान मी नव्याने छापून दिलं, पण तो अल्बम पहिल्यांदा उघडला तेव्हा त्या घरात काय झालं असेल ते काही परत घेता येत नाही.

सांगायचा मुद्दा, टूलला तुमची आई माहीत नाही. चौकटीबाहेर काय होतं हे त्याला दिसलेलं नाही, ते दिसलेल्या गोष्टींवरून काहीतरी शक्य वाटेल असं रचतं. सपाट पडद्याच्या बाबतीत ‘शक्य’ आणि ‘खरं’ यांत फरक उरत नाही. हातात, पदराच्या काठात, मंगळसूत्राच्या वाटीत तो फरक घरच्या माणसाला लगेच टोचतो. म्हणून माझा नियम: पडदा, भिंत, आकाश, गवत वाढवतो. माणूस वाढवत नाही.

आणि तशी गरजही नाही. दोन माणसांच्या जवळून काढलेल्या फोटोत दंडाशी कापलेला हात कुणालाच खटकत नाही, चांगले छायाचित्रकारही तो तसा कापतात. खटकतं ते डोक्यावर जागा नसणं, कारण माणूस छताला टेकल्यासारखा कोंडलेला वाटतो. वरची जागा मिळाली की बाजूचा कापही मुद्दाम केल्यासारखा दिसू लागेल. वाढवून झाल्यावर फोटो लहान करून, हातभर लांबून बघा. एवढ्याने भागत नसेल आणि हात हवाच असेल, तर त्याच वेळी काढलेल्या दुसऱ्या फोटोतून आईचा स्वतःचा हात आणा. फ्रेमवाल्याला मात्र सांगा की बाजूची पट्टी शक्य तितकी कमी चढवा. पाव इंच चढली तर प्रत्येक बाजूचे साठेक पिक्सेल झाकले जातात आणि आईच्या खांद्याचा आणखी थोडा भाग जातो.

चार तुकडे बसले की काम संपलं असं वाटतं, पण याच टप्प्यावर बहुतेकांचे फोटो उघडे पडतात. हॉलमधल्या दिव्यांत मोबाइलने काढलेल्या फोटोत बारीक दाणे असतात, आणि फोनने ते पुसायचा प्रयत्न केलेला असल्यामुळे ते थोडे फासलेलेही असतात. बनवलेला पडदा याउलट धुतल्यासारखा स्वच्छ असतो. स्क्रीनवर हे लक्षात येत नाही, छापल्यावर वरची पट्टी वेगळी चमकते. त्यासाठी सगळ्यांच्या वर नवीन लेयर घ्या, तयार करतानाच `Mode` ला `Overlay` करा आणि त्याखालची 50% ग्रे भरायची खूण चालू ठेवा. त्यावर `Filter > Noise > Add Noise` लावा, `Gaussian` आणि `Monochromatic` निवडून, दोन-तीन टक्क्यांपासून सुरू करा. मग त्याच लेयरला अर्ध्या पिक्सेलचा `Gaussian Blur` द्या, म्हणजे दाणे टोचरे न राहता मोबाइलच्या दाण्यांसारखे फासले जातील. मास्क लावून हा लेयर फक्त वरच्या पट्टीपुरता ठेवा आणि खालची कड मऊ करा. प्रमाण आकड्यावरून ठरवू नका. 100 टक्के झूमवर जोड मधोमध आणा आणि वरखाली सारखं दिसेपर्यंत बदलत राहा.

उजेडाचंही बघावं लागतं. समोरून लाइट किंवा फ्लॅश मारला की पडदा वर जाता जाता हळूहळू काळवंडतो. टूल हा उतार पुष्कळदा जोडापाशीच थांबवतं आणि वरची पट्टी एकाच उजेडाची करतं. हे साध्या नजरेला पकडता येत नाही, म्हणून मी एक तपासणीचा लेयर ठेवतो. सर्वांत वर `Curves` टाका आणि रेषा अगदी उभी, इंग्रजी एसच्या आकाराची करा. चित्र भयानक भडक होईल, पण लपलेला प्रत्येक जोड, प्रत्येक ठिगळ त्यात उघडं पडेल. जिथे पट्टा दिसेल तिथे दुसऱ्या `Curves` लेयरने, मास्कवर ग्रेडियंट ओढून, वरचा भाग थोडा गडद करा. सगळं एकसंध दिसलं की तपासणीचा लेयर काढून टाका. हे विसरू नका, मी एकदा तसाच सेव्ह करून बसलो होतो.

लॅबला पाठवण्याआधी पंधरा-वीस रुपयांची एक चाचणी करा. तयार फोटोतून तुरा आणि जोड येईल असा 1000 × 1500 पिक्सेलचा तुकडा कापा आणि तो 4 × 6 च्या साध्या प्रिंटवर छापून घ्या. इंचाला तेच 250 पिक्सेल येत असल्यामुळे मोठ्या प्रिंटमधला तेवढा भाग जसा दिसेल, हुबेहूब तसाच हातात येतो. तो तुकडा खिडकीपाशी नेऊन बघा आणि घरातल्या अशा कुणाला तरी दाखवा ज्याला तुम्ही काय केलंय हे माहीत नाही. ‘पडद्यावर काय झालंय?’ असं विचारलं गेलं तर परत दाण्यांकडे आणि उजेडाकडे वळा.

मग फोटो एसआरजीबीमध्ये, जेपेगच्या वरच्या दर्जात, 3000 × 4500 चा पूर्ण 12 × 18 म्हणून द्या आणि लॅबला सांगा की ‘ऑटो करेक्शन’ बंद ठेवा. तिथलं मशीन कॉन्ट्रास्ट वाढवतं, आणि वाढलेला कॉन्ट्रास्ट तुमच्या तपासणीच्या लेयरसारखाच वागतो: जेमतेम लपलेला जोड पुन्हा वर काढतो. लेयर असलेली पीएसडी फाइल आणि मूळ फोटो, दोन्ही जपून ठेवा. उद्या दुसऱ्या भावंडाला वेगळ्या मापाची फ्रेम हवी झाली तर वाढवलेल्या फोटोवरून आणखी वाढवू नका. मूळ फोटोपासून, त्या फ्रेमच्या प्रमाणाने, पुन्हा सुरुवात करा.